112 गुण म्हणजे नेमके किती? सीईटीच्या पर्सेंटाइलमागचा हिशेब

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला त्या दिवशी संध्याकाळी भाचीचा फोन आला. आवाज गोंधळलेला. "मामा, मला 112 मार्क पडतायत, माझ्या मैत्रिणीला 118. आम्ही दोघींनी उत्तरतालिकेवरून तीनतीनदा मोजलेत. मग मला 92.56 पर्सेंटाइल आणि तिला 91.20 कसं? काहीतरी चुकलंय ना?"

काही चुकलं नव्हतं. दोघींची परीक्षा वेगवेगळ्या दिवशी झाली होती आणि मैत्रिणीचा पेपर सोपा गेला होता. पण "नॉर्मलायझेशन असतं गं" एवढंच सांगून फोन ठेवणं मला पटलं नाही. दरवर्षी लाखो घरांत हाच प्रश्न विचारला जातो आणि बहुतेकांना उत्तर म्हणून तो एक शब्दच मिळतो. त्यामुळे मुलांची समजूत होते, की कुठल्यातरी संगणकाने आपले गुण कापले किंवा दुसऱ्याचे वाढवले. सीईटीत तसं काहीच होत नाही. तिथे कोणाच्याही गुणांना हात लावला जात नाही.

आधी अडचण काय आहे ते पाहू. 2019 पासून ही परीक्षा संगणकावर होते. लाखो मुलांना एकाच वेळी बसवता येतील इतके संगणक नाहीत, म्हणून परीक्षा अनेक दिवस, दिवसाला दोन सत्रांत चालते. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. पीसीएम गटात भौतिकशास्त्राचे 50, रसायनशास्त्राचे 50 आणि गणिताचे 50 प्रश्न असतात. गणिताच्या प्रश्नाला दोन गुण, बाकीच्यांना एक, असे एकूण 200. पेपर काढणाऱ्यांनी कितीही काळजी घेतली, तरी एखाद्या सत्राचं गणित लांबलचक निघतं आणि एखाद्याचं सरळ. मग 19 तारखेच्या सकाळचे 112 आणि 25 तारखेच्या दुपारचे 112 एकाच यादीत शेजारीशेजारी ठेवणं अन्यायाचं ठरतं.

यावर सीईटीने काढलेला मार्ग असा: पेपर किती अवघड होता हे मोजायच्या भानगडीतच पडायचं नाही. फक्त एवढंच विचारायचं, की तुझ्यासोबत तोच पेपर सोडवलेल्या मुलांपैकी किती जण तुझ्याइतके किंवा तुझ्यापेक्षा कमी गुणांवर आहेत? त्या संख्येला सत्रात हजर असलेल्या एकूण मुलांच्या संख्येने भागायचं आणि शंभराने गुणायचं. तेच पर्सेंटाइल, आणि सीईटीचं नॉर्मलायझेशन म्हणजे एवढंच. जेईई मेनमध्येही हेच सूत्र वापरतात.

भाचीला मी कागदावर मांडून दाखवलं, तसंच इथे मांडतो. सत्रातले आकडे माझे आहेत, हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेले. समजा तिच्या सत्रात 25,000 मुलं हजर होती. त्यांपैकी 23,140 जणांना 112 किंवा त्याहून कमी गुण पडले. 23,140 भागिले 25,000, गुणिले 100, म्हणजे 92.56. आता मैत्रिणीचं सत्र. तिथे 24,000 मुलं होती. पेपर सोपा, त्यामुळे सगळ्यांचेच गुण वर सरकलेले. 118 किंवा त्याहून कमी गुणांची मुलं निघाली 21,888. भागाकार केला की 91.20. मैत्रिणीने सहा गुण जास्त मिळवले हे खरं, पण त्या दिवशी ते सहा गुण इतर पुष्कळांनीही मिळवले होते.

उलटा हिशेब केला की चित्र आणखी स्पष्ट होतं. मैत्रिणीच्या सत्रात 92.56 च्या जवळ पोचायला किती गुण लागले असते? तिथे 121 पर्यंत गुण असलेली मुलं 22,215 धरली, तर पर्सेंटाइल 92.5625 येतं. म्हणजे भाचीच्या पेपरातले 112 आणि मैत्रिणीच्या पेपरातले 121 हे एकाच तोलाचे. आणि मैत्रिणीच्या सत्रात 112 वर थांबलेल्या मुलाला? तिथे 112 पर्यंत 21,180 मुलं असतील, तर त्याला 88.25 मिळतील. एकूण चार लाख मुलांनी परीक्षा दिली असं धरलं, तर 92.56 वाल्याच्या पुढे साधारण 29,760 मुलं असतात आणि 88.25 वाल्याच्या पुढे 47,000. दोघांचे कच्चे गुण मात्र अगदी सारखे.

पुढची पायरी साधी आहे. सगळ्या सत्रांची पर्सेंटाइल एकत्र करायची, मोठ्याकडून लहानाकडे लावायची, की गुणवत्ता यादी तयार. प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये कॉलेजचा कटऑफ म्हणून जो आकडा दिसतो, तो हाच. कच्चे गुण तिथे कुठेच येत नाहीत.

भाचीचा पुढचा प्रश्न नेमका होता. "मामा, मग मी एक मार्क जास्त मिळवला असता, तर किती फरक पडला असता?"

याचं उत्तर एकच नाही, आणि मला वाटतं या पद्धतीत मुलांनी समजून घ्यावं असं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. एका गुणाची किंमत तो गुण कुठे पडतो यावर ठरते. भाचीच्या सत्रात नेमके 113 गुण मिळवणारी 105 मुलं होती असं धरू. तिला 113 पडले असते, तर ती त्यांच्या रांगेत गेली असती आणि तिच्याइतकी किंवा तिच्या मागे असलेली मुलं झाली असती 23,245. पर्सेंटाइल 92.98. चार लाखांच्या यादीत हा फरक 1,680 क्रमांकांचा. गणिताचा एक प्रश्न दोन गुणांचा असतो, म्हणजे शेवटच्या मिनिटाला घाईत चुकलेल्या एका प्रश्नामागे तीन हजारांच्या आसपास क्रमांक.

आता मधल्या भागात या, जिथे मुलांची दाटी असते. समजा 62 गुणांवर एकाच ठिकाणी 350 मुलं उभी आहेत. तिथे एक गुण म्हणजे 1.4 पर्सेंटाइल, यादीत 5,600 जागा. आणि अगदी वरच्या टोकाला, 190 च्या पलीकडे, एका गुणावर तीनच मुलं असतील, तर तोच एक गुण 0.012 पर्सेंटाइलचा, म्हणजे 48 जागांचा. म्हणून वर मुलं 99.8 आणि 99.9 साठी झगडताना दिसतात. तिथे दशांशातला फरकही बऱ्याच गुणांचा असू शकतो. मधल्या मुलाचं पर्सेंटाइल मागच्या सराव परीक्षेपेक्षा पाचने घसरलं, तर घरच्यांनी लगेच हादरून जाऊ नये. ते तीन-चार गुणांतच घसरलेलं असू शकतं.

याच कारणाने इंटरनेटवरचे "इतक्या गुणांना इतकं पर्सेंटाइल" असे तक्ते जपून वापरावे लागतात. ते बहुतेक वेळा आधीच्या वर्षांचे आणि अनेक सत्रांची सरमिसळ केलेले असतात. वरच्या उदाहरणात 112 गुणांना एका सत्रात 92.56 आणि दुसऱ्यात 88.25 आले. तक्त्यात दोन्हींच्या मधला एखादा आकडा असेल आणि तो दोघांपैकी कोणाचाच नसेल.

गुणपत्रिका पाहून आणखी एक शंका हमखास येते. तिच्यावर तिन्ही विषयांचं वेगळं पर्सेंटाइल असतं आणि एकूणही. मुलं तिघांची सरासरी काढतात आणि ती जुळत नाही. जुळायची नाहीच. एकूण पर्सेंटाइल हे तीन पर्सेंटाइलांची सरासरी नसतं. आधी तिन्ही विषयांच्या गुणांची बेरीज होते आणि मग त्या बेरजेवर पुन्हा नव्याने रांग लावली जाते. तिन्ही विषयांत 90 च्या आसपास असलेल्या मुलीचं एकूण 94 येऊ शकतं, कारण एका विषयात तिच्या पुढे असलेली बरीच मुलं दुसऱ्या विषयात मागे पडलेली असतात. तिन्हींत सारखं चालणारं मूल बेरजेत वर येतं.

आता या पद्धतीच्या मर्यादा, कारण त्या आहेत.

पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत छापतात. 92.5600000 असं वाचलं की फार बारीक मोजमाप झाल्यासारखं वाटतं. पण 25,000 मुलांच्या सत्रात एका मुलाचं वजनच 0.004 असतं. त्याहून बारीक काही मोजायची सोयच नाही. सात स्थळांचा उपयोग एवढाच, की वेगवेगळ्या संख्यांनी भागल्यावर आलेली पर्सेंटाइल एकमेकांवर आदळू नयेत, समान क्रमांक कमी यावेत. याचा एक विचित्र परिणाम वरच्या टोकाला दिसतो. प्रत्येक सत्रातल्या पहिल्या मुलाला 100 मिळतात, मग त्याचे गुण 198 असोत की 189. दुसऱ्या मुलाचं मात्र सत्रात मुलं किती होती त्यावर ठरतं. 25,000 च्या सत्रात दुसरा आलेला 99.996 वर असतो, 24,000 च्या सत्रातला 99.9958333 वर. 25,000 वाला 24,000 वाल्याच्या पुढे गेला, तो केवळ त्याच्या सत्रात हजार मुलं जास्त होती म्हणून.

पण खरा आधार, आणि खरी कमकुवत जागाही, दुसरीकडे आहे. ही सगळी इमारत एका गृहीतकावर उभी आहे: प्रत्येक सत्रातली मुलं एकंदरीत सारख्याच ताकदीची आहेत. हुशार, मध्यम आणि कच्ची मुलं सगळीकडे सारख्या प्रमाणात वाटली गेली आहेत. तसं असेल, तरच एखाद्या सत्रात गुण खाली आले तर दोष पेपराचा, मुलांचा नाही, असं म्हणता येतं. मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी सत्रांत वाटली, तर हजारोंच्या गटात हे बऱ्यापैकी साधतं. बऱ्यापैकी म्हणजे किती, याचाही हिशेब करता येतो. 25,000 मुलं निव्वळ योगायोगाने निवडली, तर भाचीच्या जागी असलेल्या मुलाचं पर्सेंटाइल गटाच्या नशिबाने साधारण 0.17 इतकं इकडेतिकडे होऊ शकतं. चार लाखांत ते साडेसहाशे-सातशे क्रमांक झाले. म्हणजे कोणाचीही चूक नसताना, पेपर अचूक असताना, एवढी हालचाल या मोजमापात आहेच. 92.56 आणि 92.60 या दोन मुलांत कोण जास्त हुशार, हे ही परीक्षा सांगूच शकत नाही. प्रवेश मात्र त्या फरकावर होतो.

वाटणी यादृच्छिक नसेल, तर हा फरक आणखी वाढतो. आणि मुलं गैरहजर राहिली तर? भागाकारात फक्त हजर मुलंच धरली जातात. एखाद्या सत्रात तयारी नसलेली मुलं मोठ्या संख्येने आलीच नाहीत, तर उरलेल्यांच्या खालचा भाग पातळ होतो आणि तिथल्या चांगल्या मुलाचं पर्सेंटाइल त्याची काही चूक नसताना घटतं.

भाचीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला तपासून पाहावीशी वाटली. उत्तरतालिकेवर हरकती घेतल्या गेल्या, एखादा प्रश्न चुकीचा ठरला आणि त्याचे गुण सगळ्यांना दिले, तर? ती म्हणाली, "मग माझे मार्क कमी तर होणार नाहीत." गुण नाही होणार. समजा तो गणिताचा प्रश्न आहे आणि तिचं उत्तर मूळ तालिकेनुसार बरोबरच होतं. तिचे 112 तसेच राहतात. पण ज्यांचं उत्तर चुकलं होतं त्यांना दोन गुण मिळतात. 111 आणि 112 वरच्या मुलांपैकी समजा 130 जण असे होते, तर ते तिला ओलांडून पुढे जातात. तिच्याइतके किंवा मागे असलेले उरतात 23,010, पर्सेंटाइल 92.04. एकही गुण न गमावता ती यादीत दोन हजारांहून जास्त जागा खाली आली. म्हणून अंतिम उत्तरतालिका लागली की फक्त "माझा कोणता प्रश्न बदलला" हे बघून पुरत नाही. आपल्या सत्रात काय बदललं ते बघावं लागतं. इतर सत्रांतल्या बदलाचा आपल्या पर्सेंटाइलवर परिणाम होत नाही.

इथूनच एक मोठी घटना नीट समजते. 27 एप्रिल 2025 च्या सकाळच्या सत्रात पीसीएम गटाच्या गणितातल्या 21 प्रश्नांच्या पर्यायांत चुका निघाल्या. सत्रात 27 हजारांच्या वर मुलं होती. त्यांची परीक्षा 5 मे रोजी पुन्हा घेतली गेली. तेव्हा अनेक पालकांनी विचारलं, की नॉर्मलायझेशन आहेच, पुन्हा बसवायचं कशाला? पेपर अवघड असेल तर पर्सेंटाइल सांभाळून घेतं, कारण अवघड पेपर सगळ्यांनाच अवघड जातो आणि रांगेतला क्रम बहुतांशी टिकतो. पण पर्यायच चुकीचे असले, तर क्रमच मोडतो. ज्या मुलीला गणित खरंच येतं, ती उत्तर काढते, पर्यायांत सापडत नाही, पुन्हा काढते आणि दहा मिनिटं घालवते. ज्याला येत नाही, तो काहीतरी टिक करून पुढे जातो. चुकलं तरी इथे गुण कापले जात नाहीत. नंतर ते 21 प्रश्न रद्द केले किंवा सगळ्यांना गुण दिले, तरी त्या मुलीचा गेलेला वेळ परत येत नाही. नॉर्मलायझेशन दोन रांगांची तुलना करू शकतं, बिघडलेली रांग सरळ करू शकत नाही. परीक्षा पुन्हा घेणं मुलांना जिवावर आलं असणार, पण तो निर्णय बरोबर होता असं माझं मत आहे.

सगळ्या परीक्षा पर्सेंटाइलवर चालत नाहीत, हेही इथेच सांगतो, कारण घरात एकजण सीईटीला आणि दुसरा सरकारी भरतीला बसलेला असतो आणि दोघांच्या "नॉर्मलायझेशन"ची गल्लत होते. भरती परीक्षांत बहुतेकदा उत्तर गुणांतच द्यायचं असतं. स्टाफ सिलेक्शन कमिशनने 2019 मध्ये जाहीर केलेलं सूत्र असं चालायचं: तुमच्या शिफ्टमधले दोन खांब पकडायचे. एक म्हणजे सरासरी गुण आणि गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते सांगणारं प्रमाण विचलन यांची बेरीज, दुसरा म्हणजे वरच्या 0.1 टक्के उमेदवारांची सरासरी. या दोन खांबांमधलं अंतर ताणून किंवा आवळून सगळ्या शिफ्टच्या एकत्रित खांबांमधल्या अंतराइतकं करायचं, आणि मग ते सगळ्यात जास्त सरासरी आलेल्या, म्हणजे सगळ्यात सोप्या शिफ्टच्या पातळीवर उचलून ठेवायचं. समजा तुमच्या शिफ्टचे खांब 110 आणि 170, सगळ्या शिफ्टचे मिळून 120 आणि 185, आणि सोप्या शिफ्टचा पहिला खांब 126 वर. मग 112 गुणांचे होतात सुमारे 128. आणि त्याच शिफ्टमध्ये 190 मिळवलेल्याचे? 212 च्या वर. पेपर 200 चा आहे, हे त्या सरळ रेषेला ठाऊक नसतं.

तलाठी भरतीच्या निकालात जानेवारी 2024 मध्ये 200 पैकी 214 गुण दिसले आणि राज्यभर गहजब झाला, तेव्हा शासनाने दिलेलं उत्तर नॉर्मलायझेशन हेच होतं. गुणांत उत्तर देणाऱ्या पद्धतीत असा आकडा गणिताने येऊ शकतो. परीक्षेत इतर काही गैर झालं की नाही, हे मात्र त्या आकड्यावरून ना सिद्ध होतं, ना खोडलं जातं. त्यासाठी कच्चे गुण, शिफ्टची सरासरी आणि सूत्र ही तिन्ही उमेदवाराच्या हातात द्यायला हवीत. उमेदवाराला स्वतःचा हिशेब स्वतः पडताळता आला पाहिजे, ही मागणी मला रास्त वाटते. स्टाफ सिलेक्शन कमिशनही 2025 मध्ये पर्सेंटाइल जुळवून गुण काढण्याच्या पद्धतीकडे वळलं.

भाचीने शेवटी मैत्रिणीला तो कागद पाठवला. तिच्याकडून पहिला प्रश्न आला तो असा: "मग माझ्याच शिफ्टमध्ये 119 वाली मुलगी माझ्यापेक्षा किती पुढे असेल?" हा प्रश्न बरोबर होता. त्याच पेपराच्या आत गुणांची गुणांशी तुलना चालते. तिच्या सत्रात 112 ते 121 या नऊ गुणांत 1,035 मुलं होती, म्हणजे एका गुणावर सरासरी 115. तेव्हा 119 म्हणजे साधारण अर्धा पर्सेंटाइल पुढे, 91.68 च्या आसपास. मग दोघी गेल्या वर्षीच्या कॅप राउंडचे कटऑफ उघडून बसल्या, आणि या वेळी दोघींनीही गुणांचा रकाना शोधला नाही.